अण्णांचं वेगळं पिक्चर

शेखरचे आभार मानायचे राहून गेलेत. तोंडावर मानले असते तर त्याने पुढचा महिनाभर मला चिडवून खाल्लं असतं, आणि मला चिडवलेलं अजिबात खपत नाही हे आमच्या स्टुडिओत चहावाल्यालाही ठाऊक आहे. म्हणून लिहून टाकते.

स्टुडिओ म्हणजे नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्या. मालकीण ज्योत्स्नाताई. दक्षिणेकडचे सिनेमे आमच्याकडे येतात आणि मराठी होऊन जातात. ज्यांना मराठी आवाजात बघायचंय त्यांच्यासाठी शेखर संवाद लिहितो, कलाकार काचेच्या खोलीत उभे राहून ते बोलतात. ज्यांना मूळ आवाज ऐकत खाली मराठी वाचायचंय त्यांच्यासाठी सबटायटल मी लिहिते. एकच सिनेमा, टेबलं दोन, आणि सात वर्षांत आम्ही एकमेकांचं काम नीट वाचलेलं नव्हतं. मी तर मुद्दाम वाचत नसे. माझं म्हणणं असं की मी अनुवाद करते आणि शेखर थापा मारतो. मूळ माणूस बोलला एक, हा त्याच्या तोंडात घालतो भलतंच, आणि वर म्हणतो, ‘ओठ जुळले ना संजनाबाई, मग झालं.’

मला वाटायचं, माझ्या ओळी म्हणजे चोख काम. त्या चोखपणाची परीक्षा माझ्याच घरात, रविवारी दुपारी, जेवणानंतर झाली.

आधी अण्णांबद्दल सांगते. अण्णा म्हणजे माझे वडील, सावळीराम. बत्तीस वर्षं एसटीत कंडक्टर, त्यातली बरीच नाशिक–येवला गाडीवर. गाव येवल्याकडचं, बोलणं अजून तिथलंच. गाडीत माणसांना हसवत न्यायचे. विंचूरच्या चौफुलीवर उभी राहिलेली बाजाराची गर्दी टोपल्यांसकट आत घ्यायची आणि कुणाचंही भांडण होऊ द्यायचं नाही, हे त्यांना निव्वळ बोलण्याने जमायचं. त्यांचे ड्रायव्हर नाथाकाका आमच्याच कॉलनीत, उपनगर नावाच्या भागात, मागच्या गल्लीत राहतात. दोघं निवृत्त झाले तरी रोज संध्याकाळी समाजमंदिराच्या ओट्यावर जोडीने बसायचे.

तीन वर्षांपूर्वी तापाचं निमित्त झालं आणि अण्णांचे कान गेले. मशीन आणलं. त्याने आवाज वाढला, शब्द काही आले नाहीत. ‘माणूस बोलतोय एवढं कळतं, काय बोलतोय ते नाय कळत,’ असं ते सांगायचे. पहिलं वर्ष ते प्रत्येकाला ‘काय म्हणला?’ विचारत राहिले. दुसऱ्या वर्षी कमी विचारलं. तिसऱ्या वर्षी ओट्यावर जाणं थांबलं. नाथाकाका दोनदा बोलवायला आले, मग तेही यायचे थांबले. सिनेमा तेवढा उरला होता. खाली अक्षरं असली की अण्णा आमच्यात बसायचे, आणि अक्षरं लिहिणारी मुलगी घरात असल्याचा त्यांना कोण अभिमान.

त्या रविवारी मी आमचा नवा सिनेमा तपासायला घरी आणला होता. मल्याळम विनोदी सिनेमा. एक नावाडी सासरा आणि त्याचा शहरातला जावई लग्नाच्या जेवणाहून होडीतून परत निघतात, होडीला भोक पडतं, आणि ती बुडेपर्यंत दोघं भांडत राहतात, एवढीच गोष्ट. मी आवाज लावला शेखरचा मराठी आणि खाली ओळी लावल्या माझ्या मराठी. आई, भाऊ सुयश आणि मी ऐकणार, अण्णा वाचणार. दोन्ही मराठीच, मग अडचण काय, असं मला वाटलं. या धंद्यात सात वर्षं काढून मला असं वाटलं, हे लिहिताना आजही लाज वाटते.

सिनेमा सुरू झाला. लग्नाची पंगत, केळीची पानं. जावई जेवून उठताना पान पुढच्या बाजूला दुमडतो. पंगत गार. सासरा विचारतो, ‘कोण गेलं?’ आई आणि सुयश खो खो हसले.

अण्णांच्या समोर अक्षरं आली, ‘कोण मेलं?’ त्यांनी घाबरून आईकडे पाहिलं.

“कोण मेलं? नवरीची आजी का?”

सुयश आणखी हसला. अण्णांना वाटलं, आपल्याला हसला.

मग होडी. जावई उभा राहून हातवारे करतोय, होडी डुलतेय. मूळ सिनेमात सासरा खेकसतो, ‘बस खाली, नाहीतर मार खाशील.’ मी तेच लिहिलं होतं. शेखरच्या सासऱ्याने मात्र दातओठ खाऊन, अगदी अदबीने म्हटलं, “जावईबापू, आपण खाली बसा. नाहीतर आपल्या कानाखाली जाळ काढीन.” आईला हसून ठसका लागला. अण्णांनी अक्षरं वाचली, त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

“काय म्हणला?”

सुयशने ओरडून सांगितलं. दुसऱ्यांदा सांगितलं. तिसऱ्यांदा कागदावर लिहून दाखवलं. अण्णांनी वाचलं, मान हलवली, म्हणाले, “हां, चांगलं हाय.” तोवर होडी पुढे गेली होती.

पुढे त्यांच्यावर उलटी वेळ आली. पाणी वाढतंय. सासरा विचारतो, ‘पोहता येतं ना?’ जावई छाती काढून म्हणतो, ‘येतं. सर्टिफिकेट आहे.’ मग तो पाण्याकडे बघतो, सासऱ्याकडे बघतो, आवंढा गिळतो, आणि बारीक आवाजात, ‘पोस्टाने मागवलंय.’ अण्णा मात्र छाती काढल्याबरोबरच हसले. मोठ्याने, जुन्या सवयीने, मांडीवर थाप मारून. एकटेच. आवंढा अजून गिळायचा होता.

“अहो, थांबा की जरा, ऐकू द्या,” आई म्हणाली. रागाने नाही, सहज. पण अण्णांना तिचा चेहरा वाचता येतो.

त्यानंतर एकदाच त्यांच्या तोंडावर हसू आलं. मूळ सिनेमात सासरा काही न बोलता आपल्या चपला काढतो, पुसतो, आणि जावयाच्या मांडीवर ठेवतो. अण्णांचे खांदे हलले. त्यांनी आमच्याकडे पाहिलं. आम्ही कुणीच हसत नव्हतो. त्यांनी हात तोंडावर नेला आणि उठले.

“तुम्ही बघा,” म्हणाले. “ह्याच्यात दोन पिक्चर हायेत. माझं वेगळं हाय.”

मी मागोमाग गॅलरीत गेले. पाटीवर लिहिलं, ‘काय झालं?’ घरात आम्ही शाळेतली पाटी ठेवलीय.

“आधी हसलं तर येडा, मागून हसलं तर म्हातारा,” अण्णा म्हणाले. “त्यापरीस हसूच नाय. तुझं काम चांगलं हाय पोरी. मलाच आता नको.”

माझे वडील हसणं सोडून देणार होते, आणि ते माझ्या ओळी वाचून. त्या रात्री मी जेवले नाही.

सोमवारी मी स्टुडिओत गेले ती शेखरशी भांडायलाच. शेखर पंचवटीतला, भाजीबाजारामागच्या गल्लीतला. अंगाने बारीक, आवाज रेड्याचा. तो हेडफोन लावून बसला होता. मी ते ओढून काढले आणि रविवार सगळा त्याच्या अंगावर घातला. मूळ सिनेमात नाही ते घुसडतोस, म्हणून माझ्या बापाला एक आणि बाकीच्यांना एक दिसतं, वगैरे.

तो ऐकून घेत होता, हे त्याच्या बाबतीत नवलच. मग म्हणाला, “तू ‘कोण मेलं’वर टीप का नाही टाकलीस?”

“टीप कुठे टाकू? ओळी दोन, एका ओळीत बेचाळीसेक अक्षरं, आणि प्रसंग दीड सेकंदाचा. वाचणार कधी आणि बघणार कधी?”

“बरोबर. मग मी काय केलं ते बघ.”

त्याने सिनेमा मागे नेला. पंगतीच्या सुरुवातीला एक म्हातारा वाढपी कॅमेऱ्याकडे पाठ करून जावयाच्या पानावर भात घालतो. मूळ सिनेमात तो काहीच बोलत नाही. शेखरने त्या पाठीला वाक्य दिलं होतं, “पोट भरलं की पान आपल्याकडे दुमडा, पाहुणे. पलीकडे दुमडतात ते तेराव्याला.”

“पाठीला ओठ नसतात,” शेखर म्हणाला. “पानाची ही रीत मला कुठे माहीत होती? एका दवाखान्यात केरळच्या सिस्टर आहेत, त्यांना तीन फोन केले. तिकडे हे पोराटोरांना माहीत असतं, म्हणून तिकडे कुणी सांगत नाही. आपल्याकडे सांगावं लागतं, पण विनोदाच्या आधी. विनोदानंतर सांगितलं की तो गेलाच.”

माझ्या फाइलमध्ये तो वाढपी मुका होता, कारण मूळ सिनेमात तो मुका होता.

“आणि जावईबापू?” मी विचारलं. “ते तर शुद्ध थाप आहे.”

“तिकडचा सासरा जावयाला एकेरीत झापतो. माझ्या आजोबांनी माझ्या वडिलांना जन्मात एकेरी हाक मारली नाही, आणि दोघांचं एक दिवसही पटलं नाही. आपल्याकडे जावयावर कितीही राग आला तरी आधी ‘आपण’ म्हणावं लागतं. ते म्हणतानाच माणूस हास्यास्पद होतो. हा विनोद मूळ सिनेमात नाहीच, संजना. मराठीत आल्यावर मिळाला. आणि बघ, इथे त्या नटाचे ओठ दोनदा मिटतात. प, फ, ब, भ, म. यातलंच अक्षर तिथे यायला हवं, नाहीतर डोळ्यांना खटकतं. ‘बापू’त ब आहे आणि प आहे. देवाने दिलं, मी घेतलं.”

एवढा विचार थापेबाज माणूस करत नाही. मला हे तेव्हाच कळलं होतं, पण कबूल करायला मी काही इतकी मोठ्या मनाची नाही. म्हणून मी विषय बदलला. “मग अण्णा सर्टिफिकेटला आधी का हसले? तिथे तर तुझं आणि माझं वाक्य एकच आहे.”

या वेळी त्याने माझी फाइल उघडली. सात वर्षांत पहिल्यांदा. पडद्यावर एकाच वेळी अख्खं दिसत होतं, ‘येतं. पोस्टाने मागवलेलं सर्टिफिकेट आहे.’

मला मल्याळम येत नाही. आमच्या कामात मूळ संवादांचा इंग्रजी साचा येतो, कुठली ओळ किती वाजता उगवेल आणि मावळेल हे त्यात बांधलेलं असतं, आणि आम्ही आपापल्या भाषेत ते खण भरतो. इंग्रजी करणाऱ्याने छाती, आवंढा आणि पोस्ट हे सगळं एका खणात टाकलं होतं. मल्याळममध्ये पोस्ट शेवटी होतं, मराठीतही ते शेवटी आलं असतं. मधल्या इंग्रजीने ते पुढे आणलं आणि मी निमूटपणे तसंच ठेवलं. ऐकणाऱ्याला नट थांबवतो. वाचणाऱ्याला कोण थांबवणार? बत्तीस वर्षं चालत्या गाडीत तिकिटं वाचणारा माणूस दोन ओळी अर्ध्या सेकंदात संपवतो. अण्णांची चूकच नव्हती. मीच त्यांना उत्तर आधी दाखवलं होतं, आणि वर ते एकटे हसले म्हणून घरच्यांनी त्यांना गप्प केलं होतं.

“आणि चपला?” शेखर म्हणाला. “चपलांना काय झालं? तिथे तर अक्षरंच नाहीत.”

“तिथे अण्णाच हसले. आम्ही कुणी हसलो नाही.”

शेखरने तो प्रसंग लावला. मराठी आवाजात सासरा चपला काढताना बोलत होता, “आता चपला भिजतील की हो! धरा, जावईबापू, मांडीवर धरा!” चेहरा खाली असल्यामुळे ओठ दिसत नव्हते, म्हणून वाक्य बसलं होतं.

“हे का घातलंस?”

“शांतता होती अकरा सेकंद,” तो म्हणाला. “लोक चॅनल बदलतात म्हणे.”

मी आवाज बंद केला. “आता बघ. अण्णांनी बघितलं तसं.”

म्हाताऱ्याने चपला काढल्या. एक पुसली, मग दुसरी. होडीत घोट्याएवढं पाणी. जावई तोंड वासून. म्हाताऱ्याने चपला त्याच्या मांडीवर ठेवल्या, वर थोपटल्या. शेखर इतका हसला की शेजारच्या खोलीतून ज्योत्स्नाताई आल्या.

हसणं संपल्यावर त्याचा चेहरा उतरला. “च्यायला,” तो म्हणाला. “मी हे मारलं. हातात आयतं मिळालं होतं, आणि मी त्यावर बोललो.”

ज्योत्स्नाताईंना आम्ही दोघांनी मिळून सगळं सांगितलं. आम्ही एकमेकांची वाक्यं पूर्ण करतोय हे पाहून त्या आधी दचकल्याच. सिनेमा पाठवायला दोन आठवडे होते. चॅनलला मुंबईबाहेरच्या प्रेक्षकांसमोर एक चाचणी खेळ हवा होता, त्यासाठी त्या सभागृह शोधत होत्या.

“उपनगरचं समाजमंदिर मिळेल,” मी म्हणाले. “पण तिसरी फाइल लागेल. माझ्या मूळ ओळी मूळ आवाजासाठी राहू देत. मराठी आवाजाबरोबर दिसायच्या ओळी मराठी आवाजावरूनच लिहायला हव्यात. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी.”

“आपल्याकडे कुणी मागितलेली नाही,” ताई म्हणाल्या.

“माझ्या वडिलांनी मागितलीय.”

तसं त्यांनी मागितलं नव्हतं. पण ताई हो म्हणाल्या, त्यांचेही आभार.

पुढचे दहा दिवस मी कामावर चिडले नाही, हाच एक विक्रम. साचा बाजूला ठेवला आणि शेखरच्या संवादांवरून बाराशे ओळी नव्याने बांधल्या. पोस्टाचं वाक्य दोन खणांत तोडलं. पहिला खण, ‘येतं. सर्टिफिकेट आहे.’ मग पडदा रिकामा, आवंढा गिळून होईपर्यंत रिकामा. मग ओठ उघडतात त्याच क्षणी, ‘पोस्टाने मागवलंय.’ जिथे जिथे हसू वाक्याच्या शेवटाला होतं तिथे शेवट वेगळा काढला. सगळीकडे असं करता येत नाही. ओळ सेकंदभर तरी टिकली नाही तर डोळ्यांसमोर नुसतं फडफडतं. माझी आई सावकाश वाचते, म्हणून मी प्रत्येक तुकडा तिला दाखवायचे. तिला पुरलं पाहिजे आणि अण्णांना पुढे पळता येऊ नये, असा माझा हिशोब. शेखरची काही वाक्यं कानाला पुरायची आणि डोळ्याला जास्त व्हायची. ती कापावी लागली, तेव्हा तो शेजारी बसून कुठला शब्द गेला तर चालेल ते सांगायचा. ‘आपण’ला हात लावू दिला नाही. दाराबाहेर कोण बोललं, बेडूक कुठे ओरडला, सासरा पुटपुटला की ओरडला, हेही कंसात लिहिलं. एका ठिकाणी मी ‘(खिन्न संगीत)’ लिहिलं होतं. शेखर म्हणाला, “खिन्न नाही गं, हे आपण रडतोय असं दाखवणारं संगीत आहे.” मी ‘(उगाच रडकं संगीत)’ केलं. माझ्या मूळ फाइलमध्ये असलं काही मी कधीच लिहिलं नसतं.

चपलांवरचं वाक्य त्याने स्वतः काढलं. चॅनलला पत्र लिहिलं की अकरा सेकंद कुणी बोलणार नाही, जबाबदारी माझी.

आता एकच राहिलं होतं. अण्णा येईनात.

“लोकांत नको,” ते म्हणाले. “घरात येडा झालो तेवढं बास.”

मी पाटीवर पानभर लिहिलं. त्यांनी वाचलं, पुसलं, पाटी परत दिली. शेवटी मी मागच्या गल्लीत नाथाकाकांकडे गेले आणि त्यांच्यापुढे रडले. तेही खजील झाले. “मलाच समजंना त्याच्याशी कसं बोलावं,” म्हणाले. “ओरडून बोललं की लोक बघत्यात, त्याला बरं नाय वाटत. म्हणून मी यायचंच सोडलं. चुकलंच माझं.” शनिवारी साडेचारला ते इस्त्रीचा शर्ट घालून आमच्या दारात आले आणि अण्णांपुढे फक्त हात केला, गाडी सुटायच्या वेळी ड्रायव्हर कंडक्टरला करतो तसा. अण्णा काहीतरी पुटपुटत उठले आणि चपला शोधू लागले.

समाजमंदिरात शंभरेक माणसं होती. कॉलनीतल्या बाया, पोरं, निवृत्त कारकून, शाळेचे दोन मास्तर. अण्णा आणि नाथाकाका तिसऱ्या रांगेत. मी पडद्याच्या बाजूला भिंतीला टेकून उभी, कारण मला सिनेमा बघायचाच नव्हता. शेखर माझ्या शेजारी.

वाढप्याने पाठमोरं सांगितलं, अण्णांनी ते खाली वाचलं. जावयाने पान दुमडलं. ‘कोण गेलं?’ सभागृह हसलं. अण्णा नुसते थोडे पुढे सरकले. त्यांना कळलं होतं, पण ते हसणं धरून बसले होते, त्या रविवारचं मनात असणार. त्यांनी तिरक्या डोळ्याने नाथाकाकांकडे पाहिलं. नाथाकाका हसत होते.

‘जावईबापू, आपण खाली बसा.’ अण्णांच्या ओठाचा एक कोपरा हलला. ‘नाहीतर आपल्या कानाखाली जाळ काढीन.’ आणि अण्णा फुटले. शंभर माणसांबरोबर, त्याच क्षणी. हसता हसता त्यांनी दचकून बाजूला पाहिलं, आणि बाजूचा माणूसही हसत होता, मागचाही हसत होता. मग त्यांनी धरलेलं सोडून दिलं.

‘सर्टिफिकेट आहे’ला ते थांबले. पडदा रिकामा होता. त्यांनाही थांबावं लागलं, सगळ्यांबरोबर. शेखरने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की दुखलं. पोस्ट आलं. अण्णांची थाप पडली, पण स्वतःच्या मांडीवर नाही, नाथाकाकांच्या मांडीवर.

आणि मग चपला. अकरा सेकंद कुणी बोललं नाही. ऐकू येणाऱ्या शंभर माणसांना काहीच ऐकू येत नव्हतं. अण्णांना ऐकू येत होतं तेवढंच त्यांना येत होतं. म्हाताऱ्याने दुसरी चप्पल पुसली आणि पहिलं हसू तिसऱ्या रांगेतून आलं, माझ्या बापाचं, जुनं, गाडीतलं. त्याच्या मागून अख्खं सभागृह गेलं. कुणीही त्यांना थांबा म्हटलं नाही.

मी रडत होते. शेखर म्हणाला, “आता माझ्यामुळे तुझं काम बिघडलं म्हणू नकोस.” तेव्हाच आभार मानायला हवे होते. शेखर, मी तुझी फार ऋणी आहे. तुझ्या थापांची तर जास्तच.

सिनेमा सुटला तेव्हा अजून उजेड होता. माणसं पांगली. नाथाकाका आणि अण्णा घरी यायच्या ऐवजी ओट्यावर जाऊन बसले. मी जरा मागे, खुर्च्या रचत उभी राहिले. अण्णा मोठ्याने बोलतात, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं.

“नाथा, त्या म्हाताऱ्याचं ते आठवतं का रं? जावईबापू, आपण खाली बसा—”

नाथाकाकांनी आवाज वाढवला नाही. नेहमीच्या आवाजात, अण्णांकडे तोंड करून, दात खाऊन ते म्हणाले, “नाहीतर आपल्या कानाखाली जाळ काढीन.”

अण्णा त्यांच्या ओठांकडे बघत होते, आणि नाथाकाकांचं वाक्य पुरं व्हायच्या आतच हसायला लागले. तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी ‘काय म्हणला?’ विचारलं नाही.